नव्या कॅटलॉगच्या चित्रांबद्दल

कोल्हापूर, 14 जुलै 2025

मधुराताई, नमस्कार.

फोनवर बोलल्याप्रमाणे आपल्या फर्निचरच्या कॅटलॉगसाठी संगणकावर करायची चित्रं कशी हवीत ते सविस्तर लिहितो. एकूण 42 वस्तू आहेत. प्रत्येकीची तीन चित्रं: एक खोलीत मांडलेलं, एक पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि एक जवळून. सोबत सगळ्यांची मापं आणि सुताराची ड्रॉइंग आहेत. पॉलिशच्या चार छटांचे 6 बाय 6 इंचाचे लाकडी तुकडे, सोफ्याच्या कापडाचे नमुने आणि वेताच्या विणीचा तुकडा वेगळे कुरिअरने पाठवतोय.

चित्र बघून आलेलं गिऱ्हाईक दुकानात दोनच गोष्टींवर अडतं, मापावर आणि रंगावर. चित्रात नऊ फुटी भासलेला सोफा समोर पावणेसात फुटांचा दिसला की मग किंमतही जास्त वाटायला लागते. म्हणून चित्र थोडं साधं झालं तरी चालेल, पण या दोन्ही बाबतींत ते खरं हवं.

आधी खोली. आपलं गिऱ्हाईक दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणारं आहे. हॉल 10 बाय 15 फूट आणि छत साडेनऊ फुटांवर धरा. जमिनीला 2 बाय 2 फुटांची क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड फरशी हवी आणि सांधे दिसलेच पाहिजेत. 81 इंची सोफा तीन फरश्या ओलांडून चौथीच्या एक तृतीयांशाच्या जरा पुढे येतो, हे न सांगता नजरेला कळतं. लाल किंवा गडद फरशी नको. तिचा रंग सोफ्याच्या खालच्या बाजूवर चढतो आणि सागवान तांबूस दिसायला लागतं. भिंत किंचित पिवळसर पांढरी ठेवा. खिडकीला ग्रिल, भिंतीवर स्विचबोर्ड, वर पंखा, हे सगळं असू द्या. शेकोटी, वाळक्या गवताचे तुरे, इंग्रजी पुस्तकांच्या चळती आणि मागे समुद्र नको. टीव्ही युनिटवर सेट-टॉप बॉक्स दाखवा, आणि वायर जायचं भोकही लपवू नका. ते गिऱ्हाईक मुद्दाम विचारतं.

कॅमेरा जमिनीपासून 4 फुटांवर ठेवा, दिवाण आणि सेंटर टेबलासाठी साडेतीन. लेन्स 35 ते 50 मिलिमीटर. 24 च्या खाली गेलात की सोफ्याचा जवळचा हात फुगतो आणि खोली सभागृहासारखी होते. मागची भिंत आड येत असेल तर लेन्स बदलू नका, कॅमेऱ्यामागची भिंत काढून कॅमेरा मागे न्या. कपाटाच्या उभ्या कडा सरळ उभ्याच दिसल्या पाहिजेत.

आता लाकूड. बहुतेक चित्रं इथेच फसतात. आपलं डायनिंग टेबल भरीव सागवानाचं आहे. फळी 5 ते 6 इंच रुंदीची मिळते, म्हणजे 36 इंची टॉपमध्ये सहा-सात फळ्या जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा ग्रेन वेगळा असतो. अख्ख्या टॉपवर एकच टेक्स्चर ताणलं की ते व्हिनियर वाटतं, आणि भरीव लाकडाचे पैसे मागायला तोंड राहत नाही. प्रत्येक फळीला टेक्स्चरचा वेगळा भाग लावा. फळीच्या टोकाला लांब रेषा नसतात, वाढीची वलयं दिसतात. तिथे वेगळं टेक्स्चर हवं. पायांचा ग्रेन उभा, आडव्या पट्ट्यांचा आडवा. याउलट बेडचा हेडबोर्ड आणि कपाटाची दारं प्लायवर व्हिनियर लावून केलेली आहेत, तिथे ग्रेन सलग जातो. या दोन प्रकारांची सरमिसळ होऊ देऊ नका. कुठली वस्तू कशाची आहे ते मापांच्या यादीत शेवटच्या रकान्यात लिहिलंय. एकच गाठ दर फुटावर पुन्हा दिसली तर आमचा सुतारसुद्धा हसेल.

कडा चाकूसारख्या नकोत. हाताने दीड-दोन मिलिमीटर गोलाई मारलेली असते, तेवढी दाखवा. तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ पडते आणि वस्तू खरी वाटते. ड्रॉवरच्या भोवती 2 मिलिमीटरची फट ठेवा. सगळं पॉलिश मॅट आहे, फक्त देवघराला सेमी-ग्लॉस. ब्लेंडरमध्ये मॅटला रफनेस 0.4 च्या आसपास धरून सुरुवात करा, मग पाठवलेला तुकडा शेजारी धरून जुळवा.

प्रकाश डाव्या खिडकीतून, सकाळी दहाच्या सुमाराचा, साधारण 5500 केल्विन. पिवळे एलईडी आणि छतातले स्पॉटलाइट बंद. दोन रंगांचे प्रकाश एकत्र आले की एकाच सोफ्याच्या दोन बाजू दोन छटांच्या दिसतात. आणखी एक: ब्लेंडरच्या व्ह्यू ट्रान्सफॉर्ममध्ये `AgX` किंवा `Filmic` ठेवलंत तर मधाळ सागवान फिकट, धुरकट होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या चित्रांना `Standard` ठेवा आणि पांढरं जळणार नाही इतपत प्रकाश उतरवा. त्या चित्रांत पायांखाली टेकल्याची सावली हवी, नाहीतर खुर्ची हवेत तरंगते.

वेताच्या खुर्च्यांत विणीचं माप सांभाळा. विणीच्या तुकड्यावर पट्टी ठेवून भोकं मोजा आणि एक इंचात तेवढीच येऊ द्या. वीण मोठी झाली की खुर्ची लहान मुलाची वाटते.

गादीवर थोडी बसकण आणि शिवणीजवळ दोन-चार सुरकुत्या असू द्या. स्टोरेज बेडचं एक जादा चित्र, झाकण उचललेलं, आत दोन रजया ठेवून. झोपाळ्याच्या पितळी कड्या छताच्या हुकापर्यंत दिसू द्या, मध्येच कापू नका.

चित्रावर किंमत आणि माप लिहू नका, ते छापताना येईल. त्यासाठी उजवीकडे पाव भाग मोकळा ठेवा. छपाईची फाइल ए4, 300 डीपीआय, चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा. व्हॉट्सॲपसाठी 1080 बाय 1350 ची वेगळी प्रत. ती मोठ्या चित्रातून आंधळेपणाने कापू नका, झोपाळा आणि कपाट उभ्या चौकटीत नव्याने बसवावे लागतील. छपाईत मधाळ रंग लालीकडे झुकतो, म्हणून छापखान्याचा प्रूफ तुकड्याशी ताडल्याशिवाय सगळी पानं सोडायची नाहीत. फाइलचं नाव `SF03_ROOM_HONEY.tif` या पद्धतीने द्या, म्हणजे दुकानातल्या पोरांना शोधता येतं.

आधी तीनच वस्तू करा: `SF03` सोफा, `BD01` स्टोरेज बेड आणि `DT02` डायनिंग टेबल. या 28 जुलैपर्यंत आल्या तर बरं. त्या पसंत पडल्या की उरलेल्या 39 ना तीच खोली, तोच प्रकाश. प्रत्येक चित्राला दोन दुरुस्त्या ठरल्याप्रमाणे. माप आमच्याकडून चुकीचं गेलं असेल तर ती दुरुस्ती वेगळी धरा. सगळं काम 5 सप्टेंबरपर्यंत हातात हवं. 7 पासून पितृपक्ष, तेव्हा दुकानात वर्दळ नसते, त्यात छपाई उरकते. घटस्थापना 22 ला आहे. त्या दिवशी कॅटलॉग काउंटरवर पाहिजे.

आगाऊ रकमेचं बिल पाठवा, दोन दिवसांत जमा करतो. तुकडे पोचले की तेवढं कळवा.

आपला,
अविनाश