उसाच्या घाण्याचा गिअरबॉक्स वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत

दिनांक: 2 डिसेंबर 2024

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
ऊस घाणा उत्पादक कंपनी

महोदय,

आमच्या वडणगे (ता. करवीर, जि. कोल्हापूर) येथील गुऱ्हाळासाठी 16 सप्टेंबर 2024 रोजी आपल्या कोल्हापुरातील विक्रेत्याकडून तीन रुळांचा घाणा घेतला. बिल क्र. 318, मशीन क्र. 2407-56, रक्कम रु. 2,85,000, पूर्ण चुकती. वॉरंटी 12 महिन्यांची.

हंगाम सुरू होऊन महिना झाला नाही तोच गिअरबॉक्सच्या रुळाकडील ऑइल सीलमधून तेल पाझरू लागले. ते थेट रसाच्या पन्हाळीत ठिबकते. रसावर तेलाचा तवंग आल्याने एक आख्खी काहील ओतून द्यावी लागली. असा गूळ बाजारात नेणे आम्हाला पटणारे नाही. आपल्या मेकॅनिकने सील बदलले, पण गळती थांबली नाही. काढलेल्या तेलात बारीक लोखंडी कीस दिसतो आणि बेअरिंगजवळ हात ठेववत नाही. म्हणजे दोष सीलचा नाही, आतला आहे. तेल पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचे वापरले आहे.

पुन्हा सील नको. पूर्ण गिअरबॉक्स विनामूल्य बदलून, वाहतूक व जोडणीच्या खर्चासह, आठ दिवसांत द्यावा. तोडलेला ऊस फडात वाळतो आहे, तो कंपनीच्या पत्रव्यवहारासाठी थांबत नाही.

हे गुऱ्हाळ आम्ही घरचे लोकच चालवतो, पोट त्यावरच आहे. मुदतीत दखल न घेतल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू.

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, मेकॅनिकचा सही केलेला जॉब शीट, गळतीचे फोटो.

आपला,
(सही)
गुऱ्हाळमालक, वडणगे