कोण कोणाला घरी पाठवू शकतं? संसदीय आणि अध्यक्षीय शासनपद्धतीवरील घटक चाचणी, गुणदान योजनेसह

बी.ए. प्रथम वर्ष, राज्यशास्त्र (मराठी माध्यम), नागपूर
हिवाळी सत्र, घटक चाचणी दुसरी
वेळ : ७५ मिनिटे. एकूण गुण : ३०

विद्यार्थ्यांसाठी सूचना

सगळे प्रसंग सोडवायचे आहेत, क्रम तुमच्या सोयीचा. व्याख्या पाठ करून उतरवू नका, त्या मला येतात. प्रत्येक प्रसंगात आधी एकच गोष्ट शोधा : सरकार कोणी नेमलं आणि त्याला मुदतीआधी घरी पाठवायचा अधिकार कोणाकडे आहे. पदाच्या नावावर जाऊ नका. नावं फसवतात, आणि या चाचणीत एका ठिकाणी ती मुद्दाम फसवणार आहेत.

अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते वळवलेले असतात, तेव्हा सदर आणि बर्डीकडून येणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघावं. उशिरा आलेल्यांना वाढीव वेळ मिळणार नाही.

प्रसंग १ : एकाच वर्षातली दोन मतदानं (९ गुण)

१२ फेब्रुवारी १९९९, वॉशिंग्टन. अमेरिकेच्या सिनेटमध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचं मतदान. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावर ४५ सदस्य 'दोषी' म्हणाले, ५५ 'निर्दोष'. न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपावर ५० विरुद्ध ५०. क्लिंटन पदावर राहिले आणि त्यांनी जानेवारी २००१ पर्यंतची मुदत पुरी केली.

१७ एप्रिल १९९९, दिल्ली. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून घेतल्यावर राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना लोकसभेचा विश्वास मिळवायला सांगितलं. ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०. सरकार गेलं. पर्यायी सरकार उभं राहिलं नाही, म्हणून लोकसभा विसर्जित झाली. मे ते जुलैमध्ये कारगिलचं युद्ध झालं तेव्हा देशात काळजीवाहू सरकार होतं. निवडणुका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्या.

अ) सिनेटला आणि लोकसभेला प्रत्यक्षात कोणता प्रश्न विचारला गेला होता? (२)
आ) निम्म्या सभागृहाने दोषी ठरवूनही क्लिंटन राहतात, वाजपेयी एका मताने जातात. कारण सांगा. (२)
इ) संविधानाचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी शासनपद्धती जबाबदारी आणि स्थैर्य या दोन कसोट्यांवर तोलली. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत, हे सांगून त्यांनी एका बाजूला झुकतं माप दिलं. कारगिलच्या काळातलं काळजीवाहू सरकार डोळ्यांसमोर ठेवून त्या निवडीचं मूल्यमापन आठ-दहा ओळींत करा. (५)

प्रसंग २ : पस्तीस दिवस (६ गुण)

मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले. काँग्रेसने ते दिले नाहीत. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ संघीय सरकारच्या बऱ्याच खात्यांना पैसा नव्हता. सुमारे आठ लाख कर्मचारी एक तर बिनपगारी घरी बसले किंवा बिनपगारी कामावर आले. शेवटी भिंतीच्या पैशाविना तात्पुरती तरतूद मंजूर झाली. या सगळ्यात अध्यक्षांची खुर्ची हलली नाही, काँग्रेसचीही नाही.

अ) दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला का हटवू शकलं नाही? (२)
आ) लोकसभेत सरकारची अनुदानाची मागणी फेटाळली गेली तर पुढे काय घडतं? (२)
इ) 'ही कोंडी म्हणजे पद्धतीचा बिघाड नाही, पद्धत अशीच बांधलेली आहे.' तुमचं मत कारणासह लिहा. (२)

प्रसंग ३ : दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष (५ गुण)

दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख एकच, पदनाम 'अध्यक्ष'. नॅशनल असेंब्ली आपल्याच सदस्यांमधून त्यांना निवडते. निवड झाल्यावर त्यांचं सभासदत्व संपतं. असेंब्लीत ४०० सदस्य असतात आणि बहुमताने अविश्वास ठराव झाला तर अध्यक्षांसह मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागतो. ८ ऑगस्ट २०१७ रोजी जेकब झुमा यांच्याविरुद्धच्या अशा ठरावावर गुप्त मतदान झालं. बाजूने १७७, विरोधात १९८.

अ) ही पद्धत कोणत्या प्रकारची? दोन आधार द्या. (३)
आ) 'आपले राष्ट्रपतीही लोकप्रतिनिधीच निवडतात, म्हणजे दोन्ही पदं सारखीच.' हे विधान कुठे चुकतं? (२)

प्रसंग ४ : सात आठवड्यांच्या पंतप्रधान (३ गुण)

लिझ ट्रस ६ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. करकपातीच्या घोषणेनंतर बाजार कोसळले, पक्षातले खासदार उलटले. २० ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि २५ तारखेला ऋषी सुनक पंतप्रधान झाले. सार्वत्रिक निवडणूक थेट जुलै २०२४ मध्ये झाली.

सभागृहात अविश्वास ठराव मंजूर झाला नव्हता. मग ट्रस यांना घालवलं कोणी, आणि मतदारांना न विचारता नवा पंतप्रधान कसा येऊ शकला? (३)

प्रसंग ५ : हिंगणा तालुक्यातलं एक गाव (७ गुण)

गाव कल्पित आहे, भांडण ओळखीचं वाटेल. महाराष्ट्रात सरपंचाची थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. या गावात सरपंचताई थेट निवडून आल्या, पण सदस्यांत बहुमत विरोधी पॅनेलचं. उपसरपंच त्यांचाच. ताईंना पाण्याची नवी टाकी शाळेमागे हवी, सदस्यांना वेशीजवळ. चार बैठका झाल्या, ठराव होत नाही. ताई म्हणतात, 'मले गावानं निवडून देल्लं.' उपसरपंच म्हणतो, 'आमाले का शेजारच्या गावानं देल्लं का?'

अ) हे चित्र कोणत्या पद्धतीच्या जवळ जातं? दोन साम्यं. (२)
आ) हे साम्य कुठे तुटतं? दोन फरक. (२)
इ) सरपंच सदस्यांमधूनच निवडावा, या बाजूने ग्रामसभेत बोलायचं आहे. सुमारे ६० शब्दांचं भाषण लिहा. (३)

गुणदान योजना (फक्त परीक्षकांसाठी)

दोन्ही तुकड्यांचे पेपर आपण तिघं तपासणार आहोत, म्हणून सविस्तर लिहितोय. मागच्या चाचणीत एकाच उत्तराला एका तुकडीत चार आणि दुसरीत दीड गुण पडले होते. मुलं ते बरोबर शोधून काढतात.

अर्धा गुण देता येईल, पाव नको. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. वऱ्हाडी वळणाची वाक्यं चालतील, प्रसंग पाचमध्ये तर चांगलीच शोभतील. पद्धतीचं नाव बरोबर पण कारण नाही, अशा उत्तराला कुठेही अर्ध्याहून जास्त देऊ नये. उलट नाव चुकलं पण कारणमीमांसा पद्धतशीर असेल, तर निम्मे गुण द्यावेत.

१ अ : सिनेटपुढे 'या माणसाने पदावरून काढण्याइतका गुन्हा केला का?' हा प्रश्न होता (१), लोकसभेपुढे 'या सरकारवर तुमचा विश्वास आहे का?' हा (१). 'दोन्हीकडे सरकार पाडायचं होतं' असं लिहिलं असेल तर शून्य.

१ आ : महाभियोगाला उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश, म्हणजे शंभर जणांत ६७ मतं लागतात (१). विश्वास ठरावाला साधं बहुमत पुरतं, कारण कलम ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं (१). कलम क्रमांक चुकला आणि तत्त्व बरोबर असलं तर गुण कापू नका.

१ इ : या चाचणीचा जीव इथे आहे, घाई करू नका. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारीचा हिशेब मुख्यतः निवडणुकीलाच (१). संसदीय पद्धतीत तो प्रश्न, ठराव, चर्चा यांतून रोज घेतला जातो आणि निवडणुकीत पुन्हा (१). आंबेडकरांनी जबाबदारीला झुकतं माप दिलं, हे स्पष्ट लिहिल्याबद्दल १. उरलेले २ कारगिलच्या वापरासाठी. 'सरकार पडलं तरी देश चालला, सैन्य लढलं' हा मुद्दा मान्य. 'विश्वास गमावलेल्या सरकारने, लोकसभाच नसताना, युद्ध हाताळलं, मग रोजचा हिशेब कोण घेत होतं?' हा त्याहून खोल. तो कोणी लिहिला तर दोन्ही गुण डोळे मिटून द्या. जर्मनीची तोड आणणाराही एखादा निघेल : तिथे नव्या नावावर बहुमत जमल्याशिवाय चॅन्सेलरला हटवता येत नाही, १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असे. त्यालाही दोन्ही. पक्षाची बाजू घेऊन लिहिलेलं उत्तर कोणत्याही पक्षाचं असो, मुद्दे मोजा, भावना सोडून द्या.

२ अ : अध्यक्षाला काँग्रेस विसर्जित करता येत नाही (१), काँग्रेसला धोरणावरच्या मतभेदासाठी अध्यक्षाला काढता येत नाही (१).

२ आ : सरकारने विश्वास गमावला असं मानलं जातं (१), राजीनामा किंवा विसर्जनाचा सल्ला येतो (१). हा संकेत आहे. 'संविधानात थेट असं कलम आहे' म्हणणाऱ्याचा अर्धा कापा. मंजूर झालेल्या कपात प्रस्तावाचा उल्लेख केला तर पहिला गुण तिथेच द्या.

२ इ : कोणतीही बाजू चालेल. सत्ताविभाजन, परस्पर नियंत्रण हे शब्द नुसते आले तर १, पस्तीस दिवसांशी जोडले तर २.

३ अ : संसदीय (१). विधिमंडळाकडून निवड (१), अविश्वासाने हटवता येणं (१). सगळ्यात जास्त मुलं इथे पडतील, 'अध्यक्ष' वाचलं की हात आपोआप 'अध्यक्षीय' लिहितो. निवडीनंतर सभासदत्व संपतं याकडे बोट दाखवून 'मिश्र' म्हणणाऱ्याला, कारण दिलं असेल तर, पूर्ण गुण. अभ्यासकही याबाबत एकमताचे नाहीत.

३ आ : भारताचे राष्ट्रपती नामधारी प्रमुख, कलम ७४ नुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात (१). त्यांना अविश्वासाने नव्हे, फक्त संविधानभंगाच्या कारणावरून महाभियोगाने हटवता येतं (१). राज्यांचे आमदार मतदान करतात एवढाच फरक लिहिला तर अर्धा.

४ : स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांनी घालवलं (१). पंतप्रधानपद सभागृहातल्या बहुमतावर टिकतं (१). बहुमत त्याच पक्षाकडे राहिलं, म्हणून नेता बदलला तरी निवडणूक लागली नाही (१). 'राजाने काढलं' हे उत्तर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच. शून्य.

५ अ : अध्यक्षीय. स्वतंत्र जनादेश (१), त्यातून प्रमुख आणि सदस्य वेगवेगळ्या गटांचे असल्याने कोंडी (१).

५ आ : पुढीलपैकी कोणतेही दोन, प्रत्येकी १ : सरपंच स्वतः पंचायतीत बसतात आणि बैठकीचं अध्यक्षस्थान घेतात, अमेरिकेचे अध्यक्ष काँग्रेसचे सदस्य नसतात, अध्यक्षांसारखा ठरावावर नकाराधिकार सरपंचांकडे नाही, वर ग्रामसभा आणि राज्याचा कायदा आहे, म्हणजे पंचायत सार्वभौम नाही.

५ इ : मुद्दा १, गावातल्या प्रसंगाचा आधार १, बोलण्याची भाषा १. 'सरपंच आमच्यातला असता तर टाकी आज भरलेली असती' या धाटणीचं एक वाक्य सापडलं की तिसरा गुण द्या. शब्दमर्यादा ८० पर्यंत सैल ठेवू, त्यापुढचं वाचायचं नाही. थेट निवडीच्याच बाजूने भाषण लिहिलं असेल तर जास्तीत जास्त १, कारण प्रश्न वाचणं हाही परीक्षेचा भाग आहे.