कलम १७ : लागू कायदा, न्यायाधिकार आणि लवाद

१७.१ पुण्यातील कोथरूड येथील सदनिकेच्या ११ महिन्यांच्या या लिव्ह अँड लायसन्स कराराला भारताचे व महाराष्ट्र राज्याचे कायदे लागू राहतील; विशेषतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आणि भारतीय करार अधिनियम, १८७२. मालक सध्या नागपुरास राहतात आणि परवानाधारकाच्या कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरूस आहे. तरीही मिळकत पुण्यात असल्याने वाद पुण्यातच चालेल. करारावर सही कुठे झाली किंवा पैसे कोणत्या शाखेतून गेले, याने त्यात फरक पडणार नाही.

१७.२ ताब्याचा वाद लवादाकडे जाणार नाही. मुदत संपूनही परवानाधारकाने सदनिका सोडली नाही, तर मालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतील. मुदतीनंतरच्या वापराबद्दल त्या कलमाप्रमाणे परवाना शुल्काच्या दुप्पट दराने, म्हणजे दरमहा ₹२२,००० ऐवजी ₹४४,००० या दराने, नुकसानभरपाई देय होईल. थकलेल्या शुल्काचा दावा पुण्यातील लघुवाद न्यायालयात चालेल. कायद्याने ठराविक मंचाकडे सोपवलेला विषय उभयतांच्या संमतीनेही लवादाकडे नेता येत नाही, हे दोघांनाही समजावून सांगितले असून ते त्यांना मान्य आहे. मात्र कोणताही वाद चालू असला तरी मालकाने कुलूप बदलू नये, वीज किंवा पाणी तोडू नये.

१७.३ उरलेल्या वादांसाठी लवाद राहील. ₹७५,००० अनामत रकमेतून केलेली कपात, फर्निचर वा फिटिंगची मोडतोड, सोसायटीचे शुल्क कोणी भरायचे आणि नोटीस काळाचे पैसे, हे त्यात येतात. आधी एकाने दुसऱ्याला मुद्दा लेखी कळवावा व १५ दिवसांत समोरासमोर बसून मिटवण्याचा प्रयत्न करावा. रंगाच्या डागावरून वकील गाठण्याची वेळ येऊ नये, अशी दोघांचीही इच्छा आहे. तसे न मिटल्यास लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ प्रमाणे वाद एकाच लवादाकडे जाईल.

१७.४ लवादाची नेमणूक उभयतांच्या लेखी संमतीने होईल. मालकाला किंवा परवानाधारकाला एकट्याने लवाद नेमता येणार नाही. लवादाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत नावावर एकमत झाले नाही, तर कोणीही मुंबई उच्च न्यायालयाकडे लवाद व सलोखा अधिनियमाच्या कलम ११ खाली अर्ज करू शकेल. लवादाचे स्थान पुणे आणि भाषा मराठी राहील. इंग्रजी कागदपत्रे भाषांतराविना चालतील. लवादाचे शुल्क दोघांनी निम्मे-निम्मे आगाऊ भरायचे, आणि शेवटी ते कोणी सोसायचे हे लवाद निवाड्यात ठरवील.

१७.५ लवादासंबंधीचे इतर न्यायालयीन अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयातच दाखल होतील.

१७.६ करार संपला वा रद्द झाला तरी हे कलम लागू राहील.