ऑर्डर क्र. ४१७ : रिकामा बॉक्स मिळाल्याची तक्रार आणि रिफंडबाबत

नमस्कार अनघाताई,

काल, शुक्रवारी २१ नोव्हेंबरला रात्री तुमचा मेसेज मिळाला. कुरियरने आणून दिलेला बॉक्स उघडला तर आत काहीच नव्हतं, म्हणून ४,३५० रुपये चोवीस तासांत परत करा, नाहीतर सगळीकडे लिहीन आणि पोलिसांतही जाईन, असं तुम्ही लिहिलंय. रात्री घाईत दोन ओळी पाठवून मोकळं व्हायचं नव्हतं. म्हणून आज सकाळी दुकान उघडल्यावर आधी तुमच्या ऑर्डरचे सगळे कागद आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढून बघितलं, आणि मग लिहायला बसलो.

आधी पैशांचं सांगतो. बॉक्स खरंच रिकामा पोचला असेल तर तुमचा एक रुपयाही मी ठेवून घेणार नाही. कापशी चपलेचे २,४५०, लेडीज जोडाचे १,७५० आणि कुरियरचे १५० सुद्धा परत मिळतील. कुरियरवाल्यांशी भांडायचं काम माझं, त्यासाठी तुम्हाला थांबवून ठेवणार नाही. पण माझ्यासमोर आज जे आहे ते तुमच्या सांगण्याशी जुळत नाही. ते का जुळत नाही हे उघडपणे सांगतो, कारण मनात ठेवून गोड बोलणं मला जमत नाही.

गुरुवारी १३ तारखेला दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी तुमचा बॉक्स भरला. पॅकिंगच्या टेबलावर वरून कॅमेरा आहे. साहेबांचा नऊ नंबरचा कापशी जोड आणि तुमचा सहा नंबरचा वेणीचा, गोंड्याचा जोड बॉक्समध्ये ठेवताना त्यात स्वच्छ दिसतोय. रेकॉर्डिंग न थांबवता तोच बॉक्स पट्टी मारून काट्यावर ठेवलाय, आणि काट्यावर १ किलो ४६० ग्रॅम दिसतंय. कापशी जोड ८६० ग्रॅम, तुमचा ४१०, बॉक्स आणि आतला कागद मिळून १९० ग्रॅम. कापशीला तळ जाड असतो, म्हणून तो वजनाला भारी. ही क्लिप या मेसेजसोबत पाठवलीय, शेवटपर्यंत बघा.

यापुढचं वजन आमचं नाही, कुरियर कंपनीचं आहे. त्यांचं बिल बॉक्सच्या आकारावरून लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. तुमचा बॉक्स ३४ बाय २४ बाय १३ चा, त्यामुळे बिलावर २ किलो १२० ग्रॅम दिसतं. तो आकडा मी धरलेलाच नाही, कारण बॉक्स भरलेला असो की रिकामा, आकार तोच राहतो. मी त्यांच्याकडून काट्यावरचं प्रत्यक्ष वजन मागवलं. कोल्हापूरच्या हबला १३ तारखेला रात्री १.४६ किलो आणि पुण्याच्या हबला १५ तारखेला पहाटे १.४५ किलो. रिकामा बॉक्स असता तर काट्यावर दोनशे ग्रॅमसुद्धा भरले नसते. म्हणजे पुण्यात पोचेपर्यंत माल आत होता, हे नक्की.

राहता राहिला पुण्याचा हब ते कोथरूडमधलं तुमचं दार एवढाच प्रवास. तिथे काही झालंच नसेल असं मी म्हणत नाही. डिलिव्हरीच्या गाडीतून माल काढून पुन्हा पट्टी मारल्याचे प्रकार होतात, आमच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानदाराला तसा अनुभव आलाय. पण त्यासाठी पट्टी फाडावी लागते. आम्ही कागदी पट्टी लावतो, आणि वर-खाली दोन्हीकडे जिथे पट्टी जुळते तिथे मी स्वतः काळ्या मार्करने सही करतो. ती पट्टी काढली की कागद सोलून येतो, आणि दुसरी लावली तर सही तुटते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॉक्सचा आतला भागच दिसतो. वरच्या चारही पाकळ्या फोटोबाहेर राहिल्यात आणि लेबलही दिसत नाही.

त्याच फोटोतली आणखी एक गोष्ट मला विचारायची आहे. बॉक्सच्या तळाला डाव्या कोपऱ्यात एक पिवळसर चिठ्ठी पडलीय. ती आमची जपणुकीची चिठ्ठी आहे : ‘पाण्यात भिजवू नका, उन्हात वाळवू नका, महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा.’ ती आम्ही बॉक्समध्ये सुटी टाकत नाही. कापशीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात गुंडाळून अडकवतो, क्लिपमध्ये तेही दिसतंय. आता ती उलगडून तळाला पडलीय, म्हणजे कुणीतरी चप्पल हातात घेऊन ती अंगठ्यातून काढलीय. वाटेत चोरी करणारा चिठ्ठी काढून, उलगडून, परत बॉक्समध्ये ठेवत बसेल का, हे मला उमगत नाही.

आणि सोमवारी १७ तारखेला सकाळी तुमच्याच नंबरवरून मला मेसेज आला होता : ‘अंगठा थोडा घट्ट वाटतोय, घालून सैल होईल का? तेल कुठलं लावू?’ मी उत्तर दिलं होतं की चार-आठ दिवस घरात थोडा थोडा वेळ घाला, चामडं पायाचा आकार धरतं, आणि आतून एरंडेलाचं बोट फिरवा. तुम्ही त्यावर हात जोडल्याचं चिन्हही पाठवलं होतं. बॉक्स तुमच्याकडे शनिवारी १५ तारखेला दुपारी १ वाजून १२ मिनिटांनी पोचला, तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून तो घेतला गेला. तो सोमवारचा प्रश्न घरातल्या एखाद्या जुन्या जोडाबद्दल असू शकतो, मी तेही नाकारत नाही. तसं असेल तर तेवढं सांगा. पण बॉक्स शनिवारी आला आणि तक्रार शुक्रवारी आली, मधले सहा दिवस काय झालं, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणी अशी. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तो पाठवा. नसेल तर नसू दे. व्हिडिओ नाही म्हणून मी तक्रार फेकून देणार नाही, प्रत्येक जण पार्सल उघडताना कॅमेरा लावून बसत नाही. पण बॉक्स तरी फेकला नसेल अशी आशा आहे. तो नीट ठेवा. सहाही बाजूंचे फोटो हवेत, त्यात वरची आणि खालची पट्टी, माझी सही आणि लेबल वाचता येईल इतक्या जवळून. हे फोटो आणि आधी पाठवलेला फोटोसुद्धा साध्या फोटोसारखे न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढल्याची वेळ निघून जाते. सोबत एका कागदावर तुमच्या हाताने चार ओळी लिहून, सही करून द्या : बॉक्स कुणी घेतला, घेताना हलका लागला का, कधी उघडला, तेव्हा घरात कोण होतं. ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला की शेजारी किंवा वॉचमनकडे पार्सल ठेवायला सांगितलं होतं, हेही त्यात यावं.

हा कागद माझ्या समाधानासाठी मागत नाही. कुरियर कंपनी ग्राहकाच्या सहीच्या निवेदनाशिवाय आणि मूळ बॉक्सशिवाय दावा घेत नाही, आणि डिलिव्हरीपासून पंधरा दिवसांत दावा लागतो. म्हणजे ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख. मला सगळं बुधवारपर्यंत, २६ तारखेपर्यंत मिळालं तर मी गुरुवारी दावा टाकतो. आमची पट्टी काढून पुन्हा दुसरी मारलेली दिसली, तर त्याच दिवशी तुमचे ४,३५० रुपये ज्या यूपीआयवरून आले तिथेच परत जातील. कुरियरने मला द्यायला दोन महिने लावले तरी तुम्हाला त्याचा त्रास होणार नाही.

मी एवढा खोलात का जातोय, ते सांगितलं पाहिजे. ते पैसे आता माझ्या गल्ल्यात नाहीत, ताई. कापशीचा जोड साहेबांच्या पायाचं माप कागदावर काढून तुम्ही पाठवलं, त्यावर बनवला. उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित रुंद आहे, म्हणून सुभाषनगरच्या कारागिरांनी उजव्याचा पट्टा वेगळा कापला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, तळ हातानं शिवलेला. तुमच्या जोडाची वेणी त्यांच्या घरातल्या बाईंनी घातली, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. माल हातात आला की त्यांची मजुरी आम्ही त्याच दिवशी देतो, उधारी ठेवत नाही. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठं झालं, पण या घरांतली मिळकत अजून जोडागणिकच मोजली जाते. असा एक दावा पुराव्याशिवाय मान्य केला की पुढच्या महिन्यात मी त्यांना दोन जोड कमी सांगतो. हे मला जड जातं.

शिवाय तो मापाचा जोड दुसऱ्या कुणाच्या पायात नीट बसायचा नाही.

तुम्हाला लोकांसमोर लिहायचं असेल तर लिहा, मी अडवत नाही. फक्त लिहिलंत तर मी तिथे ही क्लिप आणि कुरियरची वजनं ठेवीन. तुमचा नंबर, पत्ता किंवा आपलं बोलणं ठेवणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्हाला पुण्यातच, राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कोल्हापूरला यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही. त्यांनी जे कागद मागितले ते सगळे मी देईन. तुमच्या तक्रारीची नोंद माझ्याकडे कालच्या तारखेने झालीय, आणि निकाल महिन्याच्या आत लागेल ही माझी जबाबदारी.

आणखी एक गोष्ट, मनापासून. घरात कुणी बॉक्स आधी उघडून जोड कपाटात ठेवला असेल, किंवा साहेबांनी गावाला जाताना घालून नेला असेल, तर एकदा विचारून बघा. तसं निघालं तर फक्त ‘सापडला’ एवढं कळवा, विषय तिथेच संपेल, मी पुन्हा काढणार नाही. आणि खरी अडचण अंगठा घट्ट असण्याची असेल, तर त्याला रिफंडची गरजच नाही. जोड परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च माझा. अंगठा उसवून सैल करायला कारागिराला अर्धा तास लागतो. पाय दुखत असताना चप्पल वापरा असं मी कधीच म्हणणार नाही. पैसेच हवे असतील तर न वापरलेला लेडीज जोड परत घेऊन त्याचे १,७५० देतो.

दुकान सकाळी १० ते रात्री ९ उघडं असतं, सोमवारी बंद. फोन केलात तर मी स्वतः उचलतो. बुधवारपर्यंत तुमच्या फोटोंची आणि कागदाची वाट बघतो.

आपला,
संभाजी
चप्पल लाईन, कोल्हापूर
शनिवार, २२ नोव्हेंबर