आचारी पाहिजे : श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिर, पिंपळवाडी, ता. माळशिरस, जि. सोलापूर

मंदिराच्या मुदपाकखान्यासाठी एक मुख्य आचारी नेमायचा आहे. जागा कायम स्वरूपाची आहे. स्त्री किंवा पुरुष, कोणीही अर्ज करू शकतो. वय २५ ते ५० असावे. मराठी लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे, कारण कोठीची वही रोज लिहावी लागते. शिक्षणाची दुसरी अट नाही. निदान शंभर पानांचा स्वयंपाक एकहाती उभा करण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. तो मंगल कार्यालयातला, वसतिगृहातला, सप्ताहातल्या पंगतींचा किंवा खानावळीतला, कुठलाही चालेल.

आमचे आचारी काका २८ वर्षांच्या सेवेनंतर यंदाच्या गुढीपाडव्याला निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली हे अन्नछत्र एका चुलीवरून चार शेगड्यांपर्यंत वाढले. त्यांनी घालून दिलेली एक रीत विश्वस्त मंडळाला प्राणापलीकडे जपायची आहे. देवाच्या नैवेद्याचे आणि पंगतीचे पातेले इथे एकच असते. देवासाठी साजूक तुपातले वेगळे आणि लोकांसाठी तेलातले वेगळे, असे या मंदिरात झालेले नाही आणि होणार नाही. खाली लिहिलेले सगळे या एका गोष्टीसाठी आहे, हे ध्यानात घेऊन पुढे वाचावे.

कामाचे स्वरूप

साडेअकराला महानैवेद्य आणि बारा ते दीड अन्नछत्राची पंगत, हे रोजचे मुख्य काम. एरवीच्या दिवशी ११० ते १३० पाने होतात. वरण, भात, एक भाजी, पोळी किंवा ज्वारीची भाकरी आणि ताक. गुरुवारी व रविवारी शिरा किंवा लापशी. कांदा-लसूण वर्ज्य आहे. संध्याकाळी भक्तनिवासात मुक्कामाला असलेल्या साधारण ३० यात्रेकरूंसाठी मुगाची खिचडी आणि कढी. सकाळचे लोणी-साखर आणि शेजारतीचे दूध पुजारी पाहतात, त्यात आचाऱ्याला पडायचे नाही.

एकादशीला तीनशेपर्यंत लोक येतात. त्या दिवशी भगर, दाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी असते. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे, म्हणजे पूर्ण स्वयंपाक आणि तोही सकाळी लवकर. भगरीबद्दल आम्ही फार कडक आहोत. ती सुटी घ्यायची नाही, बंद पाकिटातलीच घ्यायची, तारीख पाहून निवडून धुवायची आणि तिचे पीठ दळून साठवायचे नाही. उपासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो. बुरशी धरलेली जुनी भगर हे त्याचे मोठे कारण असते. तीनशे माणसे विश्वासाने पानावर बसतात, तेव्हा कोठीतल्या एका पोत्याबद्दलही हयगय चालत नाही.

धनुर्मासात नैवेद्य सूर्योदयाला असतो. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याची भाजी. त्या महिनाभर कामाची वेळ पहाटे पाचपासून धरली जाते आणि दुपारी तितकी लवकर सुटी होते. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काला असतो. दही, लाह्या, पोहे, लोणचे असे पदार्थ येणाऱ्यांकडूनही येतात. ते पाहून, वास घेऊन, मगच एकत्र करायचे.

आषाढी वारीचे वेगळे सांगायला हवे. माउलींची पालखी धर्मपुरीहून सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. त्या दिवशी आडवाटेने येणाऱ्या दिंड्या आपल्या मंदिरात टेकतात. साधारण चार हजार पाने होतात. जादा आचारी आणि वाढपी आणले जातात, गावातली तरुण मंडळी राबतात, पण मुदपाकखान्याची सूत्रे मुख्य आचाऱ्याकडेच असतात. किती तांदूळ भिजत घालायचे, कुठली भट्टी आधी पेटवायची, कुठले पातेले कधी उतरवायचे हे त्याने किंवा तिने ठरवायचे. विश्वस्तांपैकी कोणी मध्ये बोलणार नाही, असा ठराव केलेला आहे.

हाताखाली पोळ्या-भाकरी करणाऱ्या दोन मावशी आणि वरकामाला एक गडी आहे. भांडी घासायला वेगळी बाई येते. तेव्हा आचाऱ्याने भांडी घासायची नाहीत, पण कल्हई उडालेले पातेले ओळखून बाजूला काढायचे काम त्याचेच. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, कढी, चिंचेची आमटी असे आंबट काही ठेवलेले आम्हाला एकदाही दिसू नये.

मुदपाकखान्याचे नियम

नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही. मीठ, तिखट, गूळ मापाने घालायचे. मापाचे चमचे आणि वाट्या ठेवलेल्या आहेत. नव्या माणसाला हे सुरुवातीला जड जाते, पण महिनाभरात हात बसतो. नैवेद्यानंतर मीठ कमी निघाले तर पंगतीत वाढावे. जास्त झाले तर प्रामाणिकपणे सांगावे, त्याबद्दल कोणी रागावत नाही.

शिजलेला भात आणि वरण चार तासांच्या वर बाहेर ठेवायचे नाही. दुपारचे संध्याकाळी गरम करून वाढायचे नाही. उरले तर अडीचच्या आत वाटून संपवायचे. रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी, तारखेची चिठ्ठी लावून, २४ तास शीतकपाटात ठेवायची. हा नियम आम्ही ठेच लागून केला आहे. तीन वर्षांपूर्वी सप्ताहात एका रात्री उरलेला भात पुन्हा वाढला गेला आणि सतरा जणांना उलट्या झाल्या. सगळे दोन दिवसांत बरे झाले. चूक मंदिराची होती, हे आम्ही तेव्हाच गावासमोर कबूल केले.

सोवळ्याबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून स्पष्ट लिहितो. इथे सोवळे म्हणजे आंघोळ, धुतलेले कपडे, कापलेली नखे, झाकलेले केस आणि स्वच्छ हात. जात कोणीही विचारणार नाही आणि अर्जात ती लिहू नये. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. पंढरीच्या वाटेवर राहून आपल्या चुलीपाशी वेगळा नियम ठेवणे आम्हाला शोभणार नाही. महिला आचारी नेमली गेल्यास पाळीच्या दिवसांत काम करायचे की सुटी घ्यायची हे तिने ठरवावे. त्याबद्दल चौकशी होणार नाही आणि पगार कापला जाणार नाही.

तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी आणि दारू पूर्ण बंद. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदीच आहे. कामावर दारू पिऊन आलेल्या माणसाला त्याच दिवशी हिशेब देऊन निरोप दिला जाईल. चुलीपाशी मोबाइल वापरायचा नाही, घरून निरोप असेल तर कार्यालयात फोन आहे. हाताला जखम, ताप, जुलाब असे काही असेल तर लपवू नये, त्या दिवसाची भरपगारी सुटी मिळेल.

पंगतीला आलेल्या कोणालाही, तो कसाही असो, रिकाम्या पोटी परत पाठवायचे नाही. अन्न संपले असेल तर निदान पोहे तरी करून द्यायचे. आचाऱ्याला भाविकांकडून दक्षिणा घेता येणार नाही, कोणी दिलीच तर दानपेटी दाखवावी. अन्न बाहेर न्यायचे नाही. विश्वस्तांच्या घरीही इथून डबा जात नाही, आणि कोणी मागितला तर नाही म्हणायचा अधिकार आचाऱ्याला आहे. मावशींना आणि गड्याला अहो-जाहो करावे. मुदपाकखान्यात आरडाओरडा आणि शिवीगाळ आम्ही सहन करत नाही.

कोठीतून काय काढले, भाविकांकडून कोणता शिधा किती आला, हे रोज वहीत लिहून सही करायची. मंदिर हा नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त न्यास आहे, हिशेबाची दरवर्षी तपासणी होते. कोणी म्हातारी पदराच्या गाठीतून पावशेर डाळ आणून देते. तीही वहीत दिसली पाहिजे.

पगार आणि सोयी

पहिले सहा महिने दरमहा १८,५०० रुपये. काम पटल्यास त्यानंतर २२,००० रुपये आणि दरवर्षी गुढीपाडव्याला वाढ. पगार महिन्याच्या ५ तारखेच्या आत बँक खात्यात जमा होतो, रोखीने दिला जात नाही. मंदिरात सातच कर्मचारी असल्याने भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होत नाही. म्हणून मंदिर दरमहा १,००० रुपये आचाऱ्याच्या नावाने टपाल कार्यालयातल्या आवर्ती ठेवीत भरते. ती रक्कम सर्वस्वी त्यांची.

कामाची वेळ सकाळी ७ ते दीड आणि संध्याकाळी ६ ते साडेसात. मंगळवारी सुटी. मंगळवारी एकादशी आली तर बुधवारी नव्हे, द्वादशीचे पारणे उरकून गुरुवारी. याशिवाय वर्षाला १५ भरपगारी रजा. पालखीच्या आणि सप्ताहाच्या दिवसांतल्या जादा तासांचे दुप्पट दराने पैसे मिळतात. सेवा म्हणून फुकट राबवून घेणे आम्हाला मान्य नाही.

राहायला मंदिरामागे दोन खोल्या, नळ, वीज आणि स्वतंत्र स्वच्छतागृह मोफत. कुटुंब आणता येईल. प्राथमिक शाळा चालत पाच मिनिटांवर आहे. दोन्ही वेळचे जेवण, वर्षाला कपड्यांचे तीन जोड. नेमणुकीआधीची आणि दरवर्षीची वैद्यकीय तपासणी तसेच पोलिसांची चारित्र्य पडताळणी मंदिराच्या खर्चाने होईल. नोकरी सोडायची झाल्यास एक महिना आधी कळवावे. मंदिरही तितकीच मुदत देईल. मात्र आषाढी वारीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून जाऊ नये, ही विनंती.

अर्ज कसा करावा

साध्या कागदावर हाताने लिहिलेला अर्ज पुरे. नाव, वय, पत्ता, आजवर कुठे आणि किती पानांचा स्वयंपाक केला, आणि आधीच्या ठिकाणची दोन माणसे ज्यांना आम्ही विचारू शकू, इतके लिहावे. आधार कार्डाची प्रत जोडावी. अर्ज अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळपर्यंत मंदिराच्या कार्यालयात, दीपमाळेसमोर, सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी ४ ते ६ या वेळेत स्वतः आणून द्यावा. अर्जासाठी पैसे लागत नाहीत. कोणी नेमणूक करून देतो म्हणून पैसे मागितले तर सरळ कार्यालयात येऊन सांगावे. विश्वस्तांच्या ओळखीची चिठ्ठी आणणाऱ्याचा अर्ज बाजूला ठेवला जाईल.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी ७ वाजता, प्रत्यक्ष स्वयंपाकाची परीक्षा आहे. प्रत्येकाने २५ माणसांसाठी वरण, भात, एक भाजी आणि शिरा करायचा, चव न घेता. सामान मंदिराचे. भाजी कोणती ते कोठीत त्या दिवशी काय आहे ते पाहून ठरवावे. जेवायला त्या दिवशीची पंगतच बसेल आणि मत विश्वस्तांआधी पंगतीचे घेतले जाईल. त्यानंतर शंभर पानांना किती शिधा लागेल हे तोंडी विचारू. येण्या-जाण्याचे एसटीचे भाडे तिकीट दाखवल्यावर प्रत्येकाला दिले जाईल, निवड होवो वा न होवो.

नातेपुते एसटी स्थानकावरून पिंपळवाडीला सकाळी साडेसहाला पहिली गाडी आहे, ती वेळेत पोहोचवते. लांबून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच यावे. भक्तनिवासात जागा ठेवली आहे, खिचडी-कढीही मिळेल. निवडलेल्या व्यक्तीने वैशाखी पौर्णिमेला रुजू व्हायचे आहे.

विश्वस्त मंडळ,
श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिर, पिंपळवाडी