प्रकरण 6 : अभ्यासाच्या मर्यादा (चौथीच्या वर्गात रोजचा वाचनतास आणि वाचनाचा वेग)

चौदा आठवड्यांत वाचनतासाच्या शाळांतील मुलांचा वेग मिनिटाला सरासरी 23 शब्दांनी वाढला, तुलनेच्या शाळांत 14 शब्दांनी. या 9 शब्दांच्या फरकावर किती भार टाकता येईल, हे या प्रकरणात मांडले आहे.

सर्वांत मोठी मर्यादा शाळांच्या निवडीची आहे. वाचनतास कोणी घ्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. तीन शाळा स्वतःहून पुढे आल्या. उत्साही मुख्याध्यापक असलेली शाळा एरवीही वाचनाकडे जास्त लक्ष देत असणार. सुरुवातीच्या चाचणीत दोन्ही गटांचा वेग जवळपास सारखा होता, पण उत्साह त्या चाचणीत मोजला जात नाही. म्हणून फरकाचे सगळे श्रेय आम्ही तासाला देत नाही. तास आणि तो मनापासून घेणारी शाळा, या जोडीचा हा परिणाम आहे.

शिवाय मुले 214 असली तरी शाळा सहाच होत्या. वाचनतासाच्या तिन्ही शाळांची सरासरी वाढ उरलेल्या तिन्हींपेक्षा जास्त निघाली. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता वीसात एक असते. दिशा ठामपणे सांगता येते, 9 हा नेमका आकडा नाही.

शेवटच्या चाचणीला 27 मुले नव्हती, त्यांतली 19 वाचनतासाच्या शाळांतली (108 पैकी). मागे पडलेली मुलेच गळाली असतील, तर आमचा आकडा फुगलेला आहे. म्हणून मुद्दाम कडक हिशेब करून पाहिला: या 19 जणांची वाढ शून्य धरली आणि तुलनेच्या गटातून गळालेल्या 8 जणांची त्यांच्या गटाच्या सरासरीइतकी. फरक 9 वरून 5 शब्दांवर आला, पण पुसला गेला नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी 5 हाच आकडा हाताशी धरावा, असे आम्हाला वाटते.

चाचणी घेणाऱ्यांना शाळा कोणत्या गटातली आहे हे माहीत होते. मूल अडखळून ओळ पुन्हा वाचू लागले तरी घड्याळ थांबवायचे नाही, हा नियम होता. तरी आवडत्या गटासाठी बोट नकळत रेंगाळू शकते. त्यासाठी 40 ध्वनिमुद्रणे गटाची माहिती नसलेल्या व्यक्तीकडून पुन्हा मोजून घेतली. दोन मोजण्यांत सरासरी एका शब्दाचा फरक पडला आणि तो एका बाजूला झुकलेला नव्हता.

आकलन आम्ही पाचच प्रश्नांत तपासले. जलद वाचणाऱ्या मुलांना मजकूर जास्त कळतो, असे या अहवालात कुठेही म्हटलेले नाही. सुट्टीनंतर हा वेग टिकतो का, हेही मोजलेले नाही; शेवटची चाचणी वाचनतास संपल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झाली.