वार्षिक कामगिरी मूल्यमापन 2024-25 : लेखी अभिप्राय

प्रिय स्नेहल,

आढावा बैठकीतील स्लाइडवरचे गुण तुम्ही पाहिले आहेतच. त्यांमागची कारणे लेखी स्वरूपात तुमच्या हाती असावीत, यासाठी हे पत्र.

चाचणीच्या अचूकतेला 5 पैकी 5 गुण आहेत. मार्चअखेरीस व्याज-आकारणीतील पूर्णांकनाची चूक ग्राहकापर्यंत पोहोचण्यापूर्वी तुम्ही पकडली, आणि त्या धावपळीत ती दुसऱ्या कोणाच्या नजरेस आली असती असे मला वाटत नाही. सहकार्याला 4 गुण आहेत.

लेखी नोंदींना मात्र 2 गुण आहेत. ‘दोष पुन्हा घडवून पाहता येत नाही’ असा शेरा तीन विकसकांनी स्वतंत्रपणे दिला, कारण तो कोणत्या आवृत्तीत, कोणती माहिती भरल्यावर आणि कोणत्या क्रमाने दिसला, हे तुमच्या नोंदीत नसते. मग ते तुम्हालाच विचारत बसतात. हा शेरा तुमच्या आकलनावर नाही, सवयीवर आहे. यापुढे प्रत्येक नोंदीत या तिन्ही बाबी आणि स्क्रीनशॉट असावा. 15 जुलैला आपण अशा दहा नोंदी एकत्र तपासू. एखादा गुण अन्यायकारक वाटत असल्यास त्यापूर्वी लेखी कळवावे; तुमचे म्हणणे मूल्यमापनाच्या फाइलला जोडले जाईल.

आपली,
चाचणी विभागप्रमुख